नमुना उत्तरे आणि मंगळवारचे वेरूळ

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

आमच्या वसतिगृहात एक पुस्तिका आहे. तिची मूळ प्रत कोणी आणली हे आता कोणालाच सांगता येत नाही. आमच्या वाट्याला आली आहे ती झेरॉक्सची झेरॉक्स. काही पानांवर ओळींची डावी बाजू कापली गेली आहे. पुस्तिकेत हॉटेलच्या फ्रंट डेस्कसाठी मुलाखतीत विचारले जाणारे इंग्रजी प्रश्न आहेत, प्रत्येकाखाली नमुना उत्तर आहे आणि त्याखाली मराठी स्पष्टीकरण. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत अशा पुस्तिका सहज मिळतात. बी.ए. झाल्यावर पुढे काय, या प्रश्नाला आमच्या छत्रपती संभाजीनगरात जी थोडीफार उत्तरे आहेत, त्यांत हे एक आहे. अजिंठा-वेरुळाला येणारे पाहुणे इथे उतरतात, हॉटेले पुष्कळ आहेत, आणि काउंटरमागे उभे राहायला पदवीधर मुलगी चालते.

गेल्या दिवाळीच्या सुटीआधी मी आणि माझ्या खोलीतली मैत्रीण अशा दोघी एका हॉटेलात मुलाखतीला गेलो. हॉटेलचे नाव सांगत नाही; सांगण्याचे कारणही नाही. पुस्तिका आम्हांला तोंडपाठ होती. त्या पाऊण तासात माझे जे मत झाले ते मांडण्यासाठी हा लेख लिहिते आहे. मत असे की, या पुस्तिकांतले इंग्रजी फारसे चुकीचे नसते. चुकीचे असते ते मराठी.

वाचकांना हे उलटे वाटेल, म्हणून पहिल्याच प्रश्नापासून सुरुवात करते. "टेल मी अबाऊट युवरसेल्फ." पुस्तिकेतले उत्तर असे: माझे नाव अमुक, मी अमुक गावची, माझ्या कुटुंबात पाच माणसे, वडील अमुक करतात, मला वाचन व प्रवासाचा छंद आहे, मी कष्टाळू व प्रामाणिक आहे. आणि मराठी स्पष्टीकरण काय, तर याच वाक्यांचे शब्दशः भाषांतर! "आय ॲम हार्डवर्किंग म्हणजे मी कष्टाळू आहे." हे स्पष्टीकरण नव्हे. बी.ए.च्या मुलीला एवढा अर्थ कळतो. तिला कळत नाही ते हे, की समोरचा माणूस हा प्रश्न विचारतोच कशाला. त्याला आपल्या कुटुंबातली माणसे मोजायची नसतात. काउंटरवर दिवसभर अनोळखी माणसांशी बोलावे लागते आणि प्रत्येकाला एका मिनिटात नेमके तेवढेच सांगावे लागते. ही मुलगी एका मिनिटात कामाचे काय आणि बिनकामाचे काय हे निवडू शकते का, एवढेच तो पाहत असतो. असे दोन ओळींचे मराठी तिथे छापले असते, तर मी वडिलांचा व्यवसाय सांगून थांबले नसते.

मी सुरुवातच "मायसेल्फ" या शब्दाने केली. ही आपल्याकडची जुनी चूक आहे. "आय ॲम" किंवा "माय नेम इज" म्हणावे, एवढे खरे म्हणजे पुस्तिकेतही होते. पण घाबरल्यावर तोंडात येते ते कानावर पडलेलेच. मॅनेजर बाईंनी ते ऐकून सोडून दिले. त्यांनी मला अडवले ते छंदाच्या वाक्यावर. "कोणता प्रवास केलात?" असे त्यांनी सरळ मराठीत विचारले. मी गावाहून इथे येते तोच माझा प्रवास. मला काही उत्तर सुचेना.

खरे तर माझ्याजवळ सांगण्यासारखे होते. आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर मामांची खाणावळ आहे. सुटीत मी गल्ल्यावर बसते. कोणाचे ताट आधी, कोणाचे पार्सल, कोणाची उधारी वहीत लिहायची आणि कोणाला गोड बोलून आज पैसे मागायचे, हे मी बारावीपासून करते आहे. "इन माय व्हेकेशन्स आय सिट ॲट द कॅश काउंटर ऑफ माय अंकल्स ईटिंग हाऊस. आय टेक पेमेंट्स अँड आय हँडल कस्टमर्स व्हेन देअर इज अ रश." इतकी दोन साधी वाक्ये मला येत होती. पण पुस्तिकेतल्या मुलीला मामाची खाणावळ नव्हती, म्हणून मीही ती लपवली. खाणावळ हे काय सांगायचे, असेही मनात कुठेतरी होतेच.

यानंतर बाई उठल्या, टेबलाच्या अलीकडे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता मी पाहुणी. माझी खोली आज राखून ठेवलेली आहे. मी रात्रीच्या गाडीने आले आहे, सकाळचे साडेसात वाजलेत. तुमच्या हॉटेलात चेक-इन दुपारी २ वाजता आणि चेक-आउट ११ वाजता. बोला."

पुस्तिकेतले उत्तर मला पाठ होते. "सॉरी मॅडम, युवर रूम इज नॉट रेडी. प्लीज वेट इन द लॉबी." इंग्रजी निर्दोष आहे. पण रात्रभर गाडीत बसून आलेल्या बाईला साडेसहा तास वाट पाहा असे सांगणारे हे वाक्य आहे, हे मला ते उच्चारल्यावर कळले. बाई हसल्या आणि त्यांनी मला काउंटरमागचे काम पहिल्यांदा समजावून सांगितले. तो भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण पुस्तिकेत त्याचा मागमूस नाही.

अकरा आणि दोन यांच्यामध्ये तीन तास का ठेवलेले असतात? आदल्या रात्रीचे पाहुणे अकराला निघतात. मग हाउसकीपिंगची माणसे एकेक खोली झाडतात, चादरी-टॉवेल बदलतात, न्हाणीघर धुतात. एका खोलीला साधारण अर्धा तास लागतो आणि एका माणसाकडे कितीतरी खोल्या असतात. नंतर सुपरवायझर खोली पाहतो आणि ती तयार आहे असे कळवतो. तोवर संगणकावर ती खोली रिकामी पण अस्वच्छ अशी दिसते. म्हणजे "रिकामी" आणि "तयार" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवखी मुलगी फक्त रिकामी पाहून किल्ली देते आणि पाहुणा वर जाऊन कोणाची तरी चुरगळलेली चादर पाहून परत खाली येतो. ही चूक पहिल्या आठवड्यात हमखास होते, असे बाई म्हणाल्या.

मग साडेसातला आलेल्या पाहुणीचे काय करायचे? आधी पाहायचे की काल रात्री एखादी खोली रिकामीच राहिली होती का. राहिली असेल आणि ती तयार असेल, तर प्रश्नच मिटला. लवकर दिल्याबद्दल जादा आकार घ्यायचा की नाही हे त्या त्या हॉटेलच्या रिवाजाप्रमाणे वरिष्ठांना विचारायचे. आदल्या रात्री हॉटेल पूर्ण भरलेले असेल, तर खोली कोणालाच निर्माण करता येत नाही. तेव्हा हाउसकीपिंगला फोन करून विचारायचे की आज लवकर निघणारे कोणी आहेत का आणि त्यांची खोली आधी करून किती वाजता मिळेल. हे विचारण्याआधी पाहुणीला वेळ सांगायची नाही. "टेन मिनिट्स" हे काउंटरवरचे सर्वांत धोक्याचे वचन आहे, कारण अकराव्या मिनिटाला ती परत येते आणि मग पुढची कुठलीच वेळ तिला खरी वाटत नाही. तोपर्यंत तिचे नोंदणीपत्रक भरून घ्यायचे, सामान चिठ्ठी लावून ठेवून घ्यायचे, तोंड धुण्याची जागा दाखवायची, नाश्ता कुठे मिळतो ते सांगायचे आणि मोबाइल नंबर लिहून घ्यायचा.

आता हेच इंग्रजीत: "वेलकम, मॅडम. युवर बुकिंग इज हियर. द हॉटेल वॉज फुल लास्ट नाइट, सो युवर रूम विल टेक सम टाइम. आय ॲम आस्किंग हाउसकीपिंग टू क्लीन वन फर्स्ट. मे आय कीप युवर लगेज? ब्रेकफास्ट इज ऑन धिस फ्लोअर. आय विल कॉल यू ॲज सून ॲज द रूम इज रेडी." यात एकही कठीण शब्द नाही. हे उत्तर पाठ करायची गरज नाही. काम कोणत्या क्रमाने होते ते ठाऊक असले, की वाक्ये त्या क्रमाने येतात. आणि तो क्रम आमच्यासारख्यांना मराठीतच आधी कळायला हवा.

नोंदणीपत्रकाच्या निमित्ताने माझी आणखी एक फजिती झाली. नाव, पत्ता, कुठून आलात, पुढे कुठे जाणार, सही असे ते पत्रक असते. सोबत ओळखपत्र पाहायचे. आपल्या पाहुण्यांचे आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट चालतो. पॅन कार्ड सहसा घेत नाहीत, कारण त्यावर पत्ताच नसतो. परदेशी पाहुणा असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही पाहावे लागतात व त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारकडे ऑनलाइन कळवावी लागते. हे मी ऐकून घेतले आणि ऐटीत पत्रक पुढे करून म्हणाले, "यू साइन हियर. यू गिव्ह आयडी."

मनात माझ्या आदर होता. मराठीत मी "तुम्ही इथे सही करा, तुमचे ओळखपत्र द्या" असेच म्हणत होते आणि त्यात काहीही उद्धट नाही. आपला आदर "तुम्ही"मध्ये आणि क्रियापदाच्या टोकाला असतो. इंग्रजीत राजालाही "यू" आणि पोराटोरालाही "यू". त्यामुळे आपला "तुम्ही" तिकडे जाताना वाटेत गळून पडतो आणि उरतो तो नुसता हुकूम. इंग्रजीत आदर ठेवायचा तर वाक्याचा प्रश्न करावा लागतो. "कुड यू प्लीज साइन हियर?", "मे आय सी युवर आयडी, प्लीज?" तसेच "व्हॉट इज युवर गुड नेम?" हे आपल्या "शुभनाव" वरून आले आहे, काउंटरवर "मे आय हॅव युवर नेम, प्लीज?" म्हणावे. पुस्तिकेत "मे आय" चे भाषांतर "मी करू शकतो का" असे दिले आहे. वाचणाऱ्याला वाटते की ही परवानगी मागणे आहे आणि आपल्या कामासाठी परवानगी कशाला, म्हणून तो ते गाळतो. त्याऐवजी "हा इंग्रजीतला तुम्ही आहे" एवढे चार शब्द छापले असते तर!

माझ्या मैत्रिणीला विचारलेला एक प्रश्न मात्र मला फार आवडला. बाहेरून फोन येतो. समोरचा म्हणतो, मी अमुक पाहुण्याचा भाऊ बोलतो, ते कोणत्या खोलीत उतरले आहेत? पुस्तिकेत यासारखा प्रश्न आहे आणि उत्तर आहे, "शुअर सर, आय विल हेल्प यू." मैत्रिणीने तेच म्हटले आणि लटका खोली क्रमांकही सांगून टाकला. आपल्याकडे भावाला भावाची खोली न सांगणे म्हणजे माणूसघाणेपणा. पण फोनवरचा माणूस भाऊ आहे हे कशावरून? पाहुणा एखाद्यापासून दूर राहण्यासाठीच इथे उतरला असेल तर? म्हणून खोलीचा क्रमांक कोणालाच सांगायचा नाही. पाहुण्याची हरकत नसेल तर फोन खोलीला जोडून द्यायचा किंवा निरोप लिहून घ्यायचा. "आय ॲम सॉरी, सर, आय कॅनॉट गिव्ह रूम नंबर्स. मे आय टेक अ मेसेज?" किल्ली देतानासुद्धा क्रमांक मोठ्याने उच्चारत नाहीत, पाकिटावर लिहून बोट ठेवून दाखवतात. इथे मदत करणारी मुलगी नापास होते आणि सभ्यपणे नाही म्हणणारी पास होते. भाषांतराने हे कसे कळावे?

बलस्थाने आणि उणिवा विचारणाऱ्या प्रश्नाबद्दल मी लिहीत नाही. "मी फार परिपूर्णतावादी आहे, हीच माझी उणीव" हे उत्तर सगळ्या पुस्तिकांत आहे आणि सगळ्या मुलाखत घेणाऱ्यांना पाठ आहे.

मग वेरूळ. बाई पुन्हा पाहुण्या झाल्या. "वी आर हियर फॉर टू नाइट्स. वी वॉन्ट टू सी एलोरा टुमॉरो." माझा चेहरा खुलला. हे तर आमचेच! मी सांगू लागले: चौतीस लेणी, बौद्ध, हिंदू आणि जैन, सोळाव्या क्रमांकाचे कैलास, एकाच खडकातून कोरलेले. बाईंनी मला सारे बोलू दिले आणि मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट केले. तो सोमवार होता. उद्या मंगळवार, आणि मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, सोमवारी अजिंठा. माझ्या देखण्या इंग्रजीवर विसंबून दोन परदेशी पाहुणे तीस किलोमीटर जाऊन बंद फाटक पाहून आले असते. उत्तर असे हवे होते: "एलोरा इज क्लोज्ड ऑन ट्यूज्डे. प्लीज गो टू अजंठा टुमॉरो अँड एलोरा ऑन वेन्स्डे. अजंठा इज अबाउट अ हंड्रेड किलोमीटर्स, सो प्लीज स्टार्ट अर्ली." त्यांना लांब जायचे नसेल तर शहरातला मकबरा किंवा दौलताबादचा किल्ला सुचवता येतो. मी या शहरात दोन वर्षे राहते, कैलासावर निबंध लिहून बक्षीस घेतले आहे, आणि वार मला आठवला नाही.

आमच्या इंग्रजीच्या सरांना मी हे सारे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पाठांतराला नावे ठेवू नका, खेड्यातून आलेल्या मुलाच्या जिभेवर चार वाक्ये तयार नसली तर तो तोंडच उघडत नाही." त्यांचे म्हणणे मला नाकारता येत नाही. अभिवादन, फोन उचलतानाचे वाक्य, "वुड यू प्लीज रिपीट दॅट?", "प्लीज गिव्ह मी अ मोमेंट, आय विल चेक", अशी दहा-बारा वाक्ये पाठच हवीत, झोपेतही यायला हवीत. विशेषतः ते "आय विल चेक", कारण त्यात विचार करायला वेळ मिळतो. पण ही वाक्ये काउंटरवर उभे राहण्यापुरती आहेत. त्यांच्या जोरावर सगळी मुलाखत पाठ करता येते असा समज पुस्तिका करून देते, त्याला माझा विरोध आहे. कॉलेजात आम्हांला इंग्रजी संभाषणाचे तास आहेत. त्यांत दोन विद्यार्थी समोरासमोर उभे करून एकाला पाहुणा केले आणि साडेसातची गाडी आणली, तर त्या झेरॉक्सचे पैसे वाचतील.

शेवटचा प्रश्न मला विचारला तो असा: "कॅन यू वर्क इन द नाइट शिफ्ट?" पुस्तिकेतले उत्तर: "येस, आय ॲम रेडी टू वर्क ॲट एनी टाइम." मी ते ठसक्यात म्हटले. पूर्ण मुलाखतीत तेवढेच वाक्य मी न अडखळता बोलले असेन. बाईंनी अर्जावरचा पत्ता पाहिला आणि मराठीत विचारले, "वसतिगृहाचे फाटक किती वाजता बंद होते?" मी म्हटले, साडेसातला. त्या काही बोलल्या नाहीत. अर्ज मिटून त्यांनी दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवला.

मी खोटे बोलायला गेले नव्हते. ते उत्तर खोटे आहे हे मला बोलताना जाणवलेही नाही, कारण ते माझे नव्हतेच. रात्रपाळी म्हणजे काय, ती कोणाला करावी लागते, हे पुस्तिकेने मराठीत एका ओळीतही सांगितलेले नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात स्त्रियांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत कामावर ठेवायचे तर त्यांची संमती हवी, आणि सुरक्षिततेची व घरापर्यंत वाहनाची सोय हवी, असे म्हटले आहे. म्हणजे रात्रपाळीला नाही म्हणणे किंवा वाहनाचे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. हे मला नंतर कळले.

मैत्रिणीला बोलावणे आले. तिचे मामा शहरात राहतात, ती आता तिकडे राहायला गेली आहे. रविवारी भेटते आणि कोणत्या पाहुण्याने काय केले ते सांगते.

पुस्तिका माझ्याकडेच आहे. कापलेल्या डाव्या बाजूची रिकामी जागा उपयोगी पडते आहे. तिथे मी पेन्सिलीने लिहिते, प्रश्नामागचा प्रश्न मराठीत आणि माझे उत्तर इंग्रजीत. रात्रपाळीच्या प्रश्नासमोर लिहिले आहे: "आय कॅन वर्क फ्रॉम सेव्हन इन द मॉर्निंग टिल थ्री, एनी डे ऑफ द व्हेकेशन. फॉर नाइट शिफ्ट आय विल नीड ट्रान्सपोर्ट अँड माय हॉस्टेल्स पर्मिशन. मे आय आस्क इफ द हॉटेल अरेंजेस ट्रान्सपोर्ट?" मे महिन्यात दुसऱ्या एका हॉटेलात जागा निघणार आहेत असे ऐकते. वार बघून जाईन.